वीरगळापाशी दहा सेकंद

जिल्ह्याच्या गावातल्या एखाद्या संग्रहालयात काळ्या दगडाचा वीरगळ उभा असतो आणि त्याच्या शेजारी माहितीफलक असतो. त्यावरचा मजकूर साधारण असा असतो :

‘प्रस्तुत वीरगळ हा यादवकालीन शिल्पकलेचा (अंदाजे इ. स. १२ वे ते १३ वे शतक) वैशिष्ट्यपूर्ण नमुना असून तो बेसॉल्ट पाषाणात घडविलेला आहे. युद्धात अथवा गोधनाच्या रक्षणार्थ वीरमरण आलेल्या योद्ध्याच्या स्मरणार्थ असे वीरगळ उभारले जात असत. सदर शिल्प चार पट्टांत विभागलेले असून सर्वांत खालच्या पट्टात गोधन, त्यावरील पट्टात ढाल-तलवारधारी वीर शत्रूशी युद्ध करताना, तिसऱ्या पट्टात अप्सरा वीरास स्वर्गात घेऊन जाताना व सर्वांत वरच्या पट्टात वीर शिवलिंगाची पूजा करताना दर्शविला आहे. शीर्षस्थानी मंगलकलश व चंद्र-सूर्य अंकित असून ते वीराच्या चिरंतन कीर्तीचे प्रतीक मानले जाते. शिल्पातील वेशभूषा, आयुधे व अलंकार यांवरून तत्कालीन समाजजीवनावर प्रकाश पडतो. वीरगळावर शिलालेख आढळत नाही.’

यात चुकीचे काहीच नाही. लिहिणाऱ्याला विषय कळतो आणि त्याने हातचे काही राखून ठेवलेले नाही. तरीही दगडापुढून जाणाऱ्या बहुतेकांना या पाटीतून काहीच मिळत नाही, असे माझे म्हणणे आहे. बघणाऱ्याला सगळ्यात आधी हवी असलेली एकच गोष्ट, म्हणजे हा दगड खालून वर वाचायचा असतो ही, तिसऱ्या वाक्याच्या पोटात दडलेली आहे. ती तिथेही सरळ सांगितलेली नाही, पट्टांच्या क्रमावरून ओळखून घ्यायची आहे. तिथवर पोचण्याआधीच माणूस पुढच्या मूर्तीकडे गेलेला असतो.

माणूस एका वस्तूपुढे किती वेळ थांबतो, हे मोजलेले आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जेफ्री आणि लिसा स्मिथ यांनी सहा नामांकित चित्रांपुढे थांबणाऱ्या १५० प्रेक्षकांचा वेळ टिपला आणि २००१ मध्ये तो प्रसिद्ध केला. सरासरी निघाली २७ सेकंदांची. पण काही मोजकी माणसे बराच वेळ रेंगाळतात आणि सरासरी फुगवतात. निम्मी माणसे १७ सेकंदांच्या आतच पुढे गेली होती, आणि त्या वेळात पाटी वाचणेही आले. ही गोष्ट जगभर गाजलेल्या चित्रांची, जी पाहायला लोक मुद्दाम येतात. व्हरांड्यातल्या वीरगळाच्या वाट्याला दहा सेकंद आले तर पुष्कळ झाले.

या आकड्यावरून प्रेक्षकाला नावे ठेवायची आपल्याकडे सवय आहे. ‘लोकांना वाचायलाच नको’ हे वाक्य संग्रहालयातल्या मंडळींकडून मी पुष्कळदा ऐकले आहे आणि ते मला अन्यायाचे वाटते. बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधले बेंजामिन आइव्हज गिल्मन यांनी १९१६ मध्येच एका माणसाला कपाटांतल्या वस्तू आणि पाट्या नीट बघायला सांगून त्याची छायाचित्रे काढली होती. त्यांत तो माणूस वाकतो, गुडघ्यावर बसतो, मान तिरकी करतो. दमणूक मांडणीमुळे होते, हे गिल्मन यांनी चित्रांनिशी दाखवून दिले. आपल्याकडे तर कुटुंब येते. एक मूल कडेवर, दुसरे हात ओढणारे, चप्पल बाहेर काढून ठेवलेली, गावी परतायची बस गाठायची. एवढ्या धावपळीत तो माणूस दहा सेकंद दगडापुढे उभा राहतो, म्हणजे त्याने त्याच्या बाजूने पुष्कळ दिले. त्या दहा सेकंदांत त्याच्या हाती काय द्यायचे, हे ठरवणे पाटी लिहिणाऱ्याचे काम आहे.

हिशेब अवघड नाही. उभ्याने, गर्दीत, अनोळखी विषयावरचे मराठी मनातल्या मनात वाचताना सेकंदाला तीनेक शब्द होतात. दहा सेकंद सगळेच पाटीवर गेले तर तीस शब्द झाले, पण मग दगड कधी बघायचा? निदान दोन-तीन सेकंद तरी डोळे दगडावर हवेत, नाहीतर पाटीऐवजी घरी बसून पुस्तक वाचलेले बरे. उरले वीस-पंचवीस शब्द. सात-आठ शब्दांची एक ओळ धरली तर तीन ओळी होतात. तीन ओळींचे बंधन येते ते इथून.

आता परिच्छेदाच्या तीन ओळी करायच्या म्हटल्यावर पहिल्यांदा हातून काय होते, ते बघण्यासारखे आहे. क्रियापदे गाळली जातात, विशेषणे गाळली जातात आणि उरते ते असे :

‘यादवकालीन वीरगळ, बेसॉल्ट, १२ वे ते १३ वे शतक.
चार पट्ट : गोधन, युद्ध, स्वर्गारोहण, शिवपूजा.
शीर्षस्थानी मंगलकलश व चंद्र-सूर्य. शिलालेख नाही.’

शब्द वीसच्या आतबाहेर, ओळी तीन. आणि ही पाटी आधीच्या परिच्छेदापेक्षा वाईट आहे. परिच्छेद निदान चिकाटीच्या माणसाला काही सांगत तरी होता. ही पाटी म्हणजे वस्तूंच्या नोंदवहीतली नोंद झाली, ज्याला वीरगळ आधीपासून कळतो त्याच्यासाठी लिहिलेली. ‘स्वर्गारोहण’ म्हणजे दगडावरचे नेमके कुठले चित्र, हे तिच्यावरून कळत नाही. मजकूर आटवून लहान करता येतो, पण आटवलेला परिच्छेद ही पाटी नव्हे. अभ्यासक तीन ओळींना विरोध करतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा अशीच पाटी असते आणि तेवढ्यापुरता त्यांचा विरोध रास्त आहे.

तीन ओळी लिहायच्या तर परिच्छेद बाजूला ठेवून दगडापुढे उभे राहावे लागते. मग परिच्छेदातले एकेक विधान घ्यायचे आणि दगडाकडे बघत त्याची परीक्षा करायची. ‘ढाल-तलवारधारी वीर शत्रूशी युद्ध करताना’ हे विधान घ्या. ढाल आणि तलवार दहा वर्षांच्या मुलालाही दिसते. जे उघड दिसते ते सांगण्यात शब्द घालवायचे कारण नाही. ‘यादवकालीन’, ‘बेसॉल्ट’, ‘समाजजीवनावर प्रकाश’ ही याच्या उलट टोकाची विधाने आहेत. दगडाकडे कितीही टक लावून बघितले तरी सामान्य माणसाला ती तिथे दिसणार नाहीत. त्यांतले शेवटचे तर कुठल्याही शिल्पाला चिकटवता येईल, म्हणून ते कुठल्याच शिल्पाचे नाही. या दोन टोकांच्या मध्ये तिसऱ्या जातीची विधाने असतात. दिसते, पण सांगितल्याशिवाय कळत नाही, अशी. तळाच्या रेघेतली ती झिजलेली जनावरे गाई आहेत. चित्रे खालून वर जातात. लढणारा, अप्सरांच्या मध्ये असलेला आणि पिंडीपुढे बसलेला माणूस एकच आहे. ही तीन वाक्ये कानावर पडली की डोळा आपोआप दगडाकडे वळतो आणि आधी न दिसलेले त्याला दिसते.

तीन ओळींची पाटी या तिसऱ्या जातीच्या विधानांवर उभी राहते. वाचल्यावर नजर परत वस्तूकडे गेली की पाटी जमली. वाचून माणूस तसाच पुढे निघाला, तर मजकूर कितीही अचूक आणि कितीही थोडका असो, पाटी फसली.

या दगडासाठी पहिला कच्चा मसुदा असा होतो : ‘हा दगड खालून वर वाचा. तळाशी गाई, त्यांच्यासाठी झालेली लढाई. वर अप्सरा वीराला स्वर्गात नेत आहेत आणि शेवटी तो शिवलिंगापुढे बसला आहे. गावाने आपल्या वीरासाठी हा दगड उभारला. त्याचे नाव मात्र कोरलेले नाही.’ वाचायला सोपा, पण अजून तीसच्या वर शब्द आहेत. त्याहून गंभीर अडचण चौथ्या वाक्यात आहे. ‘गावाने’ हे कशावरून? दगडावर लेख नाही. तो वीराच्या घरच्यांनी उभारला असेल, त्याच्या धन्याने उभारला असेल, गावानेही उभारला असेल. मूळ परिच्छेदात ‘उभारले जात असत’ असे कर्ता नसलेले वाक्य होते. ते कंटाळवाणे होते, पण खोटे नव्हते. ते जिवंत करण्याच्या नादात एक कर्ता आत शिरला आणि त्याच्याबरोबर एक निराधार विधानही शिरले. मजकूर लहान करताना असे पावलोपावली होते. म्हणून पाटी लहान करण्याचे काम जाहिरातीची भाषा जमणाऱ्यावर एकट्यावर सोपवू नये. तिथे अभ्यासक हवाच, आणि तो शेवटच्या खोडाखोडीपर्यंत हवा.

‘गावाने’ काढला, ‘स्वर्गात’ काढले, कारण वर नेत आहेत हे दिसतेच. हाती राहिले ते हे :

‘खालून वर पाहा : गाईंसाठी लढाई, मग वीराला नेणाऱ्या अप्सरा,
वरती शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर.
सुमारे ८०० वर्षांपूर्वीच्या या माणसाचे नाव दगडावर नाही.’

या ओळींवर एक शीर्षक : वीरगळ, आणि तो जिथून आणला त्या गावाचे नाव. तळाशी बारीक अक्षरांत नोंदणी क्रमांक आणि दगडाचा प्रकार. शीर्षक आणि ही तळटीप मी तीन ओळींत मोजत नाही, कारण ती वाचली जात नाहीत, शोधली जातात. गावाचे नाव मात्र कोणत्याही परिस्थितीत गाळू नये, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडचा माणूस पाट्यांवरून नजर फिरवतो ती आपल्या पंचक्रोशीतले नाव शोधत. ते सापडले की तो थांबतो, सोबतच्यांना हाक मारतो आणि दहाचे वीस सेकंद होतात.

कलश, चंद्र-सूर्य, यादव, अलंकार हे सगळे गेले. चंद्र-सूर्य गाळताना मलाही वाईट वाटते. आकाशात चंद्र-सूर्य आहेत तोवर या माणसाची कीर्ती राहो, ही कल्पना मोठी आहे. पण शेजारी आणखी पाच-सहा वीरगळ उभे असतील तर त्यांतल्या ज्याच्यावर चंद्र-सूर्य सगळ्यांत स्वच्छ उमटले आहेत, त्याच्या तीन ओळी त्यांच्यावर खर्च करता येतात. एका पाटीवर एकच गोष्ट ठेवली की सहा दगडांपुढे तोच परिच्छेद सहा वेळा लावायची पाळी येत नाही. आज बहुतेक ठिकाणी नेमके तेच होते. पहिल्या वीरगळाची पाटी वाचणारा दुसऱ्यापाशी तीच वाक्ये बघतो आणि तिसऱ्यापासून वाचणे सोडून देतो.

पाटी एकटा माणूस मनात वाचतो, असे धरून आपण लिहितो. तेही तपासून घ्यायला हवे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये पॉलेट मॅकमॅनस यांनी प्रेक्षकांची आपसांतली बोलणी ध्वनिमुद्रित केली आणि १९८९ मध्ये त्यावर लेख लिहिला. पाटीकडे ढुंकूनही न बघितल्यासारखी वाटणारी माणसे बोलताना पाटीवरचे शब्द वापरत होती. एक जण वाचत होता आणि बाकीच्यांशी त्याच शब्दांत बोलत होता. आपल्याकडे याचा प्रत्यय पावलोपावली येतो. शाळेत जाणारी नात पाटी वाचते, आजी ऐकते. एकदा मी एका वीरगळाजवळ उभा असताना एक मुलगी मोठ्याने वाचू लागली, ‘प्रस्तुत वीरगळ हा…’ आणि दुसऱ्या वाक्यातल्या ‘रक्षणार्थ’पाशी अडली. आजी तोवर दगडाला हात लावून बघत होती. म्हणाली, ‘अगं, ह्ये तर आमच्या मारुतीच्या देवळाम्होरं हाय तसंच. वीर म्हनत्यात त्याला. खाली गाया बघ.’ पाटीने सांगायचे ते आजीने सांगितले, आणि पाटीपेक्षा चांगले सांगितले.

म्हणून पाटीचे वाक्य बोलता येण्याजोगे हवे. वाचणाऱ्याने ते तसेच्या तसे शेजारच्याला सांगितले तर ओशाळे वाटायला नको. ‘दर्शविला आहे’ असे कोणी कोणाला सांगत नाही. ‘तोच वीर’ असे सांगतात, आणि सांगताना बोट दाखवतात.

मजकूर ठरला की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे छपाईच्या टेबलावर बिघडते. स्टॉकहोमच्या टपाल संग्रहालयासाठी मार्गारेता एकार्व यांनी १९८० च्या दशकात सोप्या पाट्या लिहिल्या, तेव्हा त्यांनी एक साधा नियम पाळला. ओळ तिथे तोडायची जिथे बोलताना श्वास घेतला जातो, आणि एका ओळीत साधारण ४५ अक्षरांच्या वर जायचे नाही. तीन ओळींच्या पाटीत याचे महत्त्व फार असते. डीटीपी करणारा सवयीने मजकूर दोन्ही कडांना सरळ बसवतो. त्यात ‘शिवलिंगापुढे हात’ एका ओळीत आणि ‘जोडून’ दुसऱ्या ओळीत जाते, शब्दांमध्ये भोकसे पडतात आणि डोळा अडखळतो. मजकूर देताना ओळी आपणच तोडून द्याव्यात आणि डावी कड सरळ, उजवी मोकळी असे लिहून सांगावे. माझी पहिली ओळ वर दिली आहे ती या मापात थोडी लांब आहे. जागा अरुंद असेल तर ‘गाईंसाठी लढाई’नंतर ती तोडावी आणि पाटी चार ओळींची होऊ द्यावी. आकडा पाळण्यासाठी वाक्य मोडू नये.

देवनागरीचे आणखी एक आहे. एकाच पॉइंटात रोमन आणि देवनागरी छापली तर देवनागरी लहान दिसते, कारण वेलांट्या आणि उकारांना वर-खाली जागा द्यावी लागते. द्विभाषिक पाटीवर दोन्ही मजकूर एकाच मापात टाकले की मराठी बारीक दिसते आणि ओळी एकमेकींत अडकतात. हातभर अंतरावरून वाचायच्या पाटीला मराठी २८ पॉइंटच्या आसपास असावी आणि दोन ओळींत ऐसपैस अंतर असावे. परिच्छेद असताना एवढे मोठे अक्षर परवडत नव्हते. तीन ओळींनी ती जागा मोकळी करून दिली, हा त्यांचा मोठा फायदा आहे. चाळिशीचा चष्मा घरी विसरलेल्या माणसालाही आता वाचता येते.

आणि उजेड. वीरगळावर समोरून झोत टाकला तर उठाव सपाट होतो आणि तळच्या झिजलेल्या गाई दिसेनाशा होतात. पाटी म्हणते गाई पाहा आणि दगडावर नुसते उंचवटे दिसतात, अशा वेळी माणूस पाटीवरही विश्वास ठेवत नाही. दिवा बाजूने, थोडा खालच्या अंगाने हवा. तो बदलता येत नसेल तर गाईंवर उभी असलेली ओळ बदलावी लागेल.

तीन ओळींवरचा सर्वांत वजनदार आक्षेप संदिग्धतेबद्दलचा आहे. परिच्छेदात ‘अंदाजे’, ‘बहुधा’, ‘काही विद्वानांच्या मते’ यांना जागा असते. तीन ओळींत पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते आणि शंका असलेली गोष्ट ठाम होऊन भिंतीवर लागते. हा धोका खरा आहे. तो कुठवर जातो हे दायमाबादच्या रथावरून कळते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथे १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना धातूच्या चार वस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. भरीव ओतीव काम, सगळ्यांचे मिळून वजन ६० किलोच्या वर. मधुकर ढवळीकरांसारख्या अभ्यासकांनी त्यांचा काळ उत्तर हडप्पा संस्कृतीचा, म्हणजे सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचा मानला. पण वस्तू शास्त्रशुद्ध उत्खननात मिळालेल्या नव्हत्या, त्यामुळे त्या नेमक्या कोणत्या थरातल्या हे कोणी पाहिलेले नव्हते. डी. पी. अग्रवाल यांनी त्यांतल्या आर्सेनिकच्या प्रमाणाकडे बोट दाखवले. ते एक टक्क्याहून जास्त होते आणि त्या काळातल्या इतर तांब्याच्या वस्तूंत तसे आढळत नव्हते. म्हणून त्यांनी हा काळ मान्य केला नाही.

या रथाच्या तीन ओळी कशा लिहायच्या? ‘४,००० वर्षांपूर्वीचा रथ’ लिहिले की वाद पुसला गेला. वादाचा सगळा इतिहास लिहिला की पुन्हा परिच्छेद झाला. मी अशा लिहीन :

‘दोन बैल, रथ आणि उभा सारथी, सगळे भरीव ओतलेले.
१९७४ मध्ये दायमाबादला झाडाचे मूळ खणताना सापडला.
बहुतेक अभ्यासक तो सुमारे ४,००० वर्षांचा मानतात, सगळे नाही.’

शंकेला दोन शब्द पुरले, आणि ते शेवटी आल्यामुळे लक्षात राहतात. ‘झाडाचे मूळ खणताना’ हा तपशील गंमत म्हणून ठेवलेला नाही. काळ का ठरवता येत नाही याचे कारणच तो आहे. ज्याला पुढे विचारायचे आहे त्याला प्रश्न कुठून सुरू होतो हे त्यातून कळते. परिच्छेदातले ‘अंदाजे’ कंसात लपलेले असते आणि कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. तीन ओळींत शंका ठेवायची तर ती उघड्यावरच ठेवावी लागते. म्हणून ‘लहान पाटी म्हणजे खोटी खात्री’ हा आक्षेप मला मान्य नाही. अट एवढीच की ‘सुमारे’ आणि ‘बहुतेक’ हे शब्द खोडण्याच्या यादीत कधीच घ्यायचे नाहीत.

पण तीन ओळी सगळीकडे चालत नाहीत. ताम्रपटाचेच बघा. त्यावरची लिपी प्रेक्षकाला वाचता येत नाही, त्यामुळे ‘दिसते पण कळत नाही’ या जातीचे विधान तिथे सापडणे कठीण. कोणी, कोणाला, कोणते गाव दिले एवढे सांगून नजर राजमुद्रेकडे वळवता येते. यापलीकडे काही साधायचे तर अक्षरांच्या काही ओळींचा उतारा आणि अर्थ शेजारी लावावा लागतो. सतीशिळेचा प्रश्न याहून अवघड आहे. दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असतो. बघणाऱ्यांपैकी काही जण हात जोडतात, काहींच्या अंगावर काटा येतो. त्या बाईच्या मनात काय होते, तिला काही निवड होती का, हे दगडावर नाही. तीन ओळींत हात म्हणजे सतीची खूण एवढे सांगून थांबलो तर मौनाने गौरव केल्यासारखे होते आणि निषेधाचे एक वाक्य चिकटवले तर ते घाईचे वाटते. तिथे मी तीन ओळींचा आग्रह सोडेन आणि भिंतीवर मोठी जागा मागेन, बसायला बाकही मागेन. थोडा वेळ थांबणाऱ्याची सोय बघायची असते, हे खरे. पण काही वस्तूंपुढे माणसाला जास्त वेळ थांबवण्याची सोय करावी लागते.

मग गाळलेल्या मजकुराचे काय? अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या अ‍ॅनिस्टनच्या संग्रहालयात स्टीफन बिटगुड आणि डोनाल्ड पॅटरसन यांनी इजिप्तच्या ममीच्या दालनात प्रयोग केले होते. १५० शब्दांची एक पाटी मोडून ५० शब्दांच्या तीन पाट्या केल्या तेव्हा वाचणारे वाढले. मजकूर तेवढाच होता, फक्त जिथली गोष्ट तिथे लागली होती. वीरगळांच्या दालनात हेच करता येते. गोधनासाठी होणाऱ्या लढाया, कलशाचा अर्थ, काळ कशावरून ठरवतात हे सगळे दालनाच्या तोंडाशी एका मोठ्या फलकावर एकदाच सांगावे. प्रत्येक दगडापाशी त्या दगडाच्या तीन ओळी ठेवाव्यात. उरलेले पुस्तिकेत जावे. क्यूआर कोड लावायला माझी हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर पाटी वाईट लिहू नये. मोबाइल हातात आला की डोळे दगडावरून उठतात, आणि पुन्हा तिथे येतच नाहीत.

तीन ओळी लागल्या की त्या जमल्या का, हे कळायला पैसे लागत नाहीत. साध्या कागदावर प्रत काढून चिकटपट्टीने दगडाशेजारी लावावी आणि एखाद्या रविवारी थोडे लांब उभे राहावे. किती जणांनी वाचले ते मोजू नये, कारण ओठ हलल्याशिवाय ते कळत नाही. वाचल्यावर मान दगडाकडे वळते का, बोट खालून वर जाते का, कोणी कोणाला ‘हे बघ’ म्हणते का, एवढे पाहावे. मान वळत नसेल तर ओळी बदलाव्यात. बोट वरून खाली जात असेल तर ‘खालून वर पाहा’ हे शब्द नजरेला येत नाहीत, ते शीर्षकाच्या लगेच खाली जाड अक्षरांत आणावेत. पहारेकऱ्यालाही विचारावे. लोक काय विचारतात हे त्याला सगळ्यांत चांगले माहीत असते, आणि त्याचे मत सहसा कोणी घेत नाही.

संग्रहालयांच्या चालकांकडे एक मागणी आहे. प्रत्येक तीन ओळींच्या पाटीमागे कार्यालयातल्या वहीत तिचा मूळ परिच्छेद असावा. काय गाळले, का गाळले, ‘सुमारे’ कशावरून लिहिले आणि कोणी, कधी लिहिले याची नोंद त्याखाली असावी. उद्या एखादा नवा लेख सापडेल, काळ बदलेल, किंवा कोणी अभ्यासक येऊन ‘हे कशावरून?’ असे विचारेल, तेव्हा उत्तर त्या वहीत मिळायला हवे. अशी वही ठेवायची तयारी नसेल, तर परिच्छेद काढून तीन ओळी लावू नयेत.